अंदाजाचा त्रिकोण

डिसेंबरात गोव्याहून मुंबईला शिडाच्या बोटीने निघालं, तर दुपारनंतर बहुतेक दिवशी वारा जवळजवळ तोंडावरच येतो. समुद्रावरून येणारा हा वायव्येचा खारा वारा रात्र पडेपर्यंत टिकतो. मुंबईची दिशाही उत्तरेच्या किंचित पश्चिमेला. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट डोळ्यात जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून ती नागमोडी जाते, एक फेरा बाहेर खोल समुद्राकडे आणि दुसरा आत किनाऱ्याकडे. आतल्या फेऱ्यात सुकाणूवरच्या माणसाला सारखा एक प्रश्न पडलेला असतो, की आपण किनाऱ्याच्या किती जवळ आलो आहोत आणि अजून किती वेळ या दिशेने जाता येईल?

आज याचं उत्तर जीपीएसच्या पडद्यावर मिळतं. पण पडद्याची वीज जाते, अँटेना बिघडते, आणि गेल्या काही वर्षांत इराणच्या आखातात आणि काळ्या समुद्रात जहाजांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ढवळाढवळ झाल्याचेही प्रसंग घडले आहेत. म्हणून नौकानयन शिकणाऱ्याला आजही कागदी चार्टवर आपली जागा काढायला शिकवतात. या हिशोबाला डेड रेकनिंग म्हणतात. त्याची साधी आवृत्ती कोणालाही दहा मिनिटांत समजते. खरा कस लागतो तो वारा आणि पाण्याचा प्रवाह बोटीला कुठे नेतात, हे त्या हिशोबात धरताना. तेव्हा एक फेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडून पाहू.

समजा, दुपारचे दोन वाजलेत. बोट रत्नागिरीच्या दीपगृहाच्या बरोबर पश्चिमेला दहा सागरी मैलांवर आहे. ही जागा पक्की आहे. चार्टवर तिथे एक ठिपका, त्याभोवती लहान वर्तुळ आणि शेजारी वेळ, १४००. पक्क्या जागेची हीच खूण. त्यानंतर पडदा बंद पडतो. बोट खऱ्या उत्तरेला रोख धरून, वारा डावीकडून घेत, ताशी पाच सागरी मैल म्हणजे पाच नॉट वेगाने चालली आहे. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं हे अंतर असल्यामुळे चार्टच्या उभ्या कडेवरची अक्षांशांची पट्टीच मोजपट्टी म्हणून वापरता येते. संध्याकाळी सहा वाजता बोट कुठे असेल?

पहिला हिशोब सरळ आहे. चार तास, पाच नॉट, म्हणजे वीस मैल. समांतर पट्टी दिशाचक्रावर ठेवून ठिपक्यापासून उत्तरेला रेघ मारायची, डिव्हायडरने वीस मैल मोजायचे आणि तिथे छोटी आडवी फुली काढून १८०० लिहायचं. ही झाली डेड रेकनिंगची जागा. तिला फक्त दोन गोष्टी माहीत आहेत, बोटीचं नाक कुठे होतं आणि बोट पाण्यातून किती अंतर कापत गेली.

या दोन गोष्टींतही डोळे उघडे ठेवावे लागतात. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते. कोकण किनाऱ्यावर चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाच्याही आत आहे, म्हणून तो इथे सोडून देता येतो. पण बोटीवरच्या इंजिनाचं लोखंड आणि विजेच्या तारा सुईला जरा ओढतात, आणि ही ओढ बोटीच्या दिशेप्रमाणे बदलते. तिचा तक्ता प्रत्येक बोटीसाठी वेगळा करून ठेवतात. आपल्या बोटीच्या तक्त्यात उत्तरेच्या रोखाला तीन अंश पूर्वेची चूक असेल, तर होकायंत्रावर ३५७ अंश धरल्यावर बोट खऱ्या शून्य अंशावर जाते. अंतर लॉग सांगतो. हल्ली तो बोटीच्या तळाला बसवलेल्या लहान चक्राच्या फेऱ्या मोजतो. चक्रावर शेवाळ किंवा शंख-शिंपले बसले की ते सावकाश फिरतं आणि लॉग अंतर कमी दाखवतो. आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची. लॉग अंतर मोजतो ते पाण्यातून कापलेलं. जमिनीच्या हिशोबात बोट किती सरकली, हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता वारा. शिडावर पडणारा वारा बोटीला पुढे ढकलतो तसाच बाजूलाही ढकलतो. बोटीच्या तळाशी खाली उतरलेलं कील हे बाजूचं सरकणं बरंचसं रोखतं, पण सगळं नाही. बोटीचं नाक उत्तरेला असलं तरी ती पाण्यातून उत्तरेच्या काही अंश उजवीकडे, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, घसरत जाते. या घसरणीला लीवे म्हणतात. वारा पाठीमागून असेल तर ती जवळजवळ नसते. वाऱ्याला भिडून जाताना ती सर्वांत जास्त असते. मध्यम वाऱ्यात चांगल्या कीलच्या बोटीला तीन ते पाच अंश, वारा वाढून लाटा अंगावर येऊ लागल्या की दहा अंश किंवा त्याहूनही अधिक. बोट मंदावली की लीवे वाढते, हे नवख्याला उलटं वाटतं. कारण असं, की कीलचा बाजूचा जोर त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या वेगातून येतो. वेग गेला की कीलची पकडही जाते.

लीवे डोळ्यांनी पाहता येते. बोटीच्या मागच्या टोकाला उभं राहून मागे उमटलेली फेसाची वाट पाहायची. बोट घसरत नसेल तर ती वाट सरळ पाठीमागे जाते. घसरत असेल तर ती वाऱ्याच्या बाजूला कललेली दिसते. हातातल्या होकायंत्राने त्या वाटेची दिशा घ्यायची आणि बोटीच्या रोखाच्या नेमक्या उलट दिशेशी ताडून पाहायची. आपल्या बोटीचा रोख शून्य, म्हणजे उलट दिशा १८०. वाट १८५ अंशांवर दिसली, तर लीवे पाच अंश. ती उजवीकडे आहे, म्हणून रोखात मिळवायची. बोट पाण्यातून खरोखर जाते आहे ती ००५ अंशांवर. वारा उजवीकडून असता तर हेच पाच अंश वजा झाले असते. चार्टवर आता वीस मैलांची रेघ ००० ऐवजी ००५ अंशांवर मारायची आणि तिच्यावर एक बाण काढायचा. पाण्यातल्या मार्गाची ती खूण. वीस मैलांत पाच अंशांनी बोट सुमारे पावणेदोन मैल पूर्वेला येते, आणि पूर्वेला किनारा आहे.

वाऱ्याचा परिणाम असा पाहता तरी येतो. प्रवाहाचा परिणाम बोटीवरून दिसतच नाही. चालत्या रेल्वेच्या डब्यात माणूस एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालत गेला, तर तो किती पावलं चालला हे त्याला सांगता येईल. पण खिडक्या बंद असतील तर तेवढ्या वेळात गाडी त्याला घेऊन किती पुढे गेली, हे त्याला सांगता येणार नाही. समुद्रात बोट, लॉग, फेसाची वाट, सगळं एकाच सरकणाऱ्या पाण्यात असतं. पाणी सगळ्यांना सारखंच वाहून नेतं, त्यामुळे कशातच फरक दिसत नाही. म्हणून प्रवाहाचं ज्ञान बाहेरून आणावं लागतं. ते मिळतं भरती-ओहोटीच्या तक्त्यांतून, चार्टवरच्या नोंदींतून, सागरी मार्गदर्शक पुस्तकांतून आणि त्या पाण्यात वाढलेल्या नाखव्याकडून.

आपल्या किनाऱ्यावर दोन प्रकारचे प्रवाह विचारात घ्यावे लागतात. पहिला भरती-ओहोटीचा. तो साधारण सहा-सहा तासांनी उलटतो, उधाणाला जोर धरतो आणि भांगाला मंदावतो. खाड्यांच्या तोंडाशी आणि मुंबई बंदरात तो चांगलाच जाणवतो, उघड्या समुद्रात दूरवर त्याचा जोर कमी असतो. दुसरा प्रवाह ऋतूचा. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेकडे वाहतं, तर हिवाळ्यात उलट फिरून उत्तरेकडे. हिवाळ्यातला हा प्रवाह बंगालच्या उपसागराकडचं कमी खारं पाणी आपल्या किनाऱ्याने वर आणतो. जिथे समुद्रतळ एकदम खोल उतरतो, त्या कडेजवळ त्याचा जोर अधिक असतो. किनाऱ्याच्या जवळ तो मंद आणि अनिश्चित असतो.

प्रवाह मांडताना नवख्यांची एक चूक हमखास होते. वाऱ्याचं नाव तो येतो त्या दिशेवरून पडतं, प्रवाहाचं मात्र तो जातो त्या दिशेवरून. वायव्येचा वारा वायव्येकडून येतो, वायव्येचा प्रवाह वायव्येकडे जातो. हे विसरलं की दुरुस्ती नेमकी उलट्या बाजूला होते आणि चूक दुप्पट होते.

आपल्या फेऱ्यात प्रवाह किनाऱ्याला समांतर, ३४० अंशांकडे, अर्धा नॉट आहे असं धरू. चार तासांत पाणी दोन मैल सरकलं. ००५ अंशांच्या रेघेच्या टोकापासून ३४० अंशांकडे दोन मैलांची दुसरी रेघ मारायची आणि तिच्यावर तीन बाण काढायचे. सहा वाजताची अंदाजी जागा तिच्या टोकाशी. तिथे एक लहान त्रिकोण, मधे ठिपका, शेजारी १८००. दोनच्या ठिपक्यापासून या त्रिकोणापर्यंत सरळ रेघ जोडून तिच्यावर दोन बाण काढले, की समुद्रतळाच्या हिशोबात बोट ज्या वाटेने आली ती वाट मिळते. एक बाण, दोन बाण, तीन बाण या खुणा जगभर बऱ्याच ठिकाणी चालतात. पाळी बदलून वर आलेल्या दुसऱ्या माणसालाही कोणती रेघ कशाची, हे त्यांवरून न विचारता कळतं.

आता फुली आणि त्रिकोण यांची तुलना करू. त्रिकोण फुलीच्या जवळजवळ दोन मैल उत्तरेला आणि एक मैल पूर्वेला आहे. म्हणजे साध्या हिशोबाने बोट जिथे वाटते, त्याच्या दोन मैल ईशान्येला ती असणार. प्रवाहाने तिला थोडं किनाऱ्यापासून दूर नेलं, पण लीवेने त्याहून जास्त किनाऱ्याकडे आणलं. जयगडचं दीपगृह रत्नागिरीच्या दीपगृहाच्या सुमारे १९ मैल उत्तरेला आणि चार-पाच मैल पश्चिमेला आहे. फुलीवरून पाहिलं तर ते जवळजवळ पूर्वेला, १०० अंशांवर दिसायला हवं. त्रिकोणावरून ते १२३ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या बाजूला आणि थोडं मागे पडलेलं दिसेल. या २३ अंशांच्या फरकाकडे आपण पुन्हा येऊ.

त्रिकोण काढला की अनेकजण पेन्सिल खाली ठेवतात. अनुभवी नाविक त्यानंतर आणखी एक गोष्ट काढतो, त्रिकोणाभोवती वर्तुळ. आपण जे जे धरलं त्यात किती चूक असू शकते, याचा तो हिशोब असतो. लॉगमध्ये शंभरी चार टक्के चूक धरली, तर वीस मैलांत ०.८ मैल. सुकाणू धरणाऱ्याचा हात आणि लीवेचा अंदाज मिळून दिशेत तीन अंशांची चूक धरली, तर वीस मैलांत सुमारे एक मैल. साठ मैलांत एक अंश म्हणजे एक मैल, हा नाविकांचा तोंडी हिशोब इथे उपयोगी पडतो. प्रवाहाचा अंदाज ०.३ नॉटने चुकला, तर चार तासांत १.२ मैल. या सगळ्या चुका एकाच वेळी एकाच बाजूला पडतील असं सहसा होत नाही, काही एकमेकींना खोडतात. म्हणून सरळ बेरीज न करता वर्तुळाची त्रिज्या दोन मैल धरणं योग्य. हेच पाच तासांनी, दहा तासांनी पुन्हा करा. पक्की जागा मिळाली नाही, तर मध्यरात्रीपर्यंत हे वर्तुळ चार-साडेचार मैलांचं होतं.

निर्णय घेताना बोट त्रिकोणावर आहे असं धरत नाहीत. वर्तुळाचा जो काठ धोक्याच्या सर्वांत जवळ, तिथे ती आहे असं धरतात. त्रिकोणापासून किनारा साडेचार मैलांवर असेल आणि वर्तुळ दोन मैलांचं, तर बोट किनाऱ्यापासून अडीच मैलांवर असू शकते. अंधार पडतो आहे, पाच नॉटने अडीच मैल म्हणजे अर्धा तास. फेरा बाहेर वळवायची वेळ सहाचीच आहे, साडेसातची नाही, हे चार्टवरचं वर्तुळ सांगतं.

हे वर्तुळ काढलं नाही, किंवा काढूनही मानलं नाही, तर काय होतं याचा दाखला ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मिळाला. अमेरिकी नौदलाच्या १४ विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोला २० नॉट वेगाने एकामागोमाग एक चालल्या होत्या. कॅप्टन एडवर्ड वॉटसन यांच्या हाताखाली पुढे होती डेल्फी, आणि बाकीच्यांनी तिच्यामागे जायचं होतं. डेल्फीवर जागा काढली जात होती ती पंख्याच्या फेऱ्यांवरून वेग धरून. दिवसभर धुकट हवेमुळे किनाऱ्याच्या खुणा नीट मिळाल्या नव्हत्या. मोठ्या लाटांमुळे पंख्याच्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष वेग यांचा मेळ उरला नव्हता. त्याच्या आठवडाभर आधी, १ सप्टेंबरला, जपानमध्ये मोठा भूकंप झाला होता. त्याने समुद्राच्या प्रवाहात फरक पडला असावा, असंही पुढे अनेकांनी मानलं. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राकडून दिशा मिळत होत्या आणि त्या सांगत होत्या की ताफा अजून बराच उत्तरेला आहे. पण ते तंत्र नवं होतं आणि हिशोबाशी जुळत नव्हतं, म्हणून हिशोबच खरा मानला गेला. पाण्याची खोली मोजायला वेग कमी करावा लागला असता, तो केला नाही. रात्री नऊ वाजता, सांता बार्बरा सामुद्रधुनीचं तोंड आलं असं समजून डेल्फीने पूर्वेला वळण घेतलं. पाच मिनिटांनी ती होंडा पॉइंटच्या खडकांवर आदळली. मागून येणाऱ्या सहा विनाशिकाही फुटल्या. २३ नाविक मेले.

काही मैलांची ती चूक एवढ्या लांबच्या प्रवासात मोठी नव्हती. शंभर मैलांत दोन-तीन मैल इकडे-तिकडे होणं या पद्धतीत अपेक्षितच असतं. बिघडलं ते असं, की त्या अपेक्षित चुकीला निर्णयात कुठेच जागा दिली गेली नाही, आणि वेगळं सांगणारी खूण समोर आल्यावर तीच बाजूला सारली गेली.

याच चुकीला जागा देऊन केलेला प्रवास त्याआधी सात वर्षं झाला होता. १९१६ च्या एप्रिल-मेमध्ये अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्यांचे पाच साथीदार जेम्स केर्ड या जेमतेम सात मीटरच्या होडीतून दक्षिण महासागरातले सुमारे ८०० सागरी मैल कापून साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाले होते. जागा काढण्याचं काम फ्रँक वर्स्ली यांच्याकडे होतं. ढगांमुळे सूर्य मोजकेच वेळा दिसला, बाकी सगळा भर अंदाजावर. बेट जवळ आल्यावर वर्स्लींनी शॅकल्टनना सांगितलं की दहा मैलांच्या आतली खात्री आपण देऊ शकत नाही. पश्चिमेचा वारा इतका जोराचा, की बेट एकदा चुकून मागे पडलं तर होडी परत फिरवता आली नसती. म्हणून बेटाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या वस्तीच्या किनाऱ्याला जाण्याचा मोह त्यांनी टाळला आणि वाऱ्याच्या बाजूचा, पश्चिमेकडचा निर्जन किनारा धरला. वर्तुळ कितीही मोठं असलं तरी त्याच्या कोणत्याही बिंदूतून समोर जमीन लागेल, असा हा रोख होता. जमीन लागली.

आता आपल्या बोटीकडे. सहा वाजले. डिसेंबरात सूर्य नुकताच बुडालेला असतो, दीपगृहांचे दिवे लागतात. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची चाल वेगळी असते आणि ती चार्टवर लिहिलेली असते. ती घड्याळ लावून मोजायची आणि दिसतोय तो दिवा जयगडचाच आहे याची खात्री करायची. मग हातातल्या होकायंत्राने त्याची दिशा घ्यायची. समजा, ती ११५ अंश आली.

फुलीवरून १०० यायला हवी होती, त्रिकोणावरून १२३. म्हणजे लीवे आणि प्रवाहाची दुरुस्ती योग्य बाजूला होती, पण थोडी जास्त झाली. चार्टवर दीपगृहातून उलट ११५ अंशांची रेघ मारली, तर ती त्रिकोणाच्या सुमारे पाऊण मैल दक्षिणेकडून जाते. आपण वर्तुळाच्या आत आहोत. एका दिशेने पक्की जागा मिळत नाही, तिला छेदणारी दुसरी रेघ लागते. ती दुसऱ्या दिव्यावरून मिळू शकते, किंवा पाण्याची खोली मोजून. कोकणचे मच्छीमार ज्याला वाव म्हणतात, त्या मापात दोरीने खोली घेऊन तळाला चिकटलेली वाळू-चिखल पाहण्याची रीत याच कामाची होती. आता खोली यंत्र दाखवतं, पण चार्टवरच्या खोलीच्या रेषांशी ती ताडून पाहायचं काम तेच आहे. मोजलेल्या खोलीतून भरतीचं पाणी वजा करायला मात्र विसरायचं नाही, कारण चार्टवरच्या खोल्या अगदी नीच ओहोटीच्या पातळीपासून मोजलेल्या असतात.

समजा, खोलीही जुळली आणि बोट खरोखर त्या पाऊण मैल दक्षिणेच्या जागी निघाली. या पाऊण मैलाला कारण आहे. बहुधा प्रवाह आपण धरला तेवढा नव्हता. अर्ध्या नॉटऐवजी पाव नॉट असता, तर चार तासांत हाच फरक पडला असता. लॉग चार टक्के जास्त दाखवत असेल, तरीही हाच फरक पडला असता. एका फेऱ्यावरून दोन्हींतलं खरं कारण ठरवता येत नाही. म्हणून नोंदवहीत वेळ, रोख, लॉग, लीवे, धरलेला प्रवाह आणि निघालेला फरक लिहायचा, बोट वळवून बाहेरचा फेरा सुरू करायचा आणि प्रवाह पाव नॉट धरून नवा त्रिकोण काढायचा. बाहेरच्या फेऱ्यात बोट पश्चिमेला जाईल. प्रवाह उत्तरेकडचा असल्यामुळे त्याची चूक आता उत्तर-दक्षिण दिसेल आणि लॉगची चूक पूर्व-पश्चिम. मागच्या फेऱ्यात एकमेकींत मिसळलेल्या दोन चुका या फेऱ्यात वेगळ्या होतील. पुढची पक्की जागा मिळाली की त्यांतली कोणती खरी, तेही कळेल.